पाण्यात तोललेलं सोनं आणि टंगस्टनचा पेच: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

सोनं खरं आहे की खोटं ते तपासायला मामाने आज तीन वस्तू माझ्या हवाली केल्या. २४ कॅरेटचं एक औंसाचं नाणं, २२ कॅरेटचं एक नाणं आणि १०० ग्रॅमचं एक बिस्कीट. २२ कॅरेटच्या नाण्यातही शुद्ध सोनं एक औंसच आहे, पण त्यात तांबं मिसळलेलं असल्यामुळे एकूण वजन जास्त भरतं. अट एकच. "कापायचं नाही, घासायचं नाही, ॲसिड लावायचं नाही. बाकी तुला सुचेल ते कर."

आधी वजनं घेतली. माझा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. आकडे आले ३१.११, ३३.९४ आणि १००.०२. तिन्ही अपेक्षेप्रमाणे, पण एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण वजन जुळवणं कुणालाही जमतं. वजन जुळवताना आकारही तोच ठेवायचा, ही बनावट करणाऱ्याची खरी अडचण. सोन्याची घनता १९.३२ आहे, म्हणजे एक घनसेंटिमीटर सोन्याचं वजन १९.३२ ग्रॅम. शिसं ११.३४, चांदी १०.४९, तांबं ८.९६. ३१.११ ग्रॅम सोन्याला १.६१ घनसेंटिमीटर जागा लागते आणि तेवढ्याच वजनाच्या शिशाला २.७४. तेव्हा मोजायचं ते आकारमान.

पहिला प्रयत्न शाळेत शिकवतात तसा केला: मोजपात्रात पाणी भरायचं, नाणं सोडायचं, पातळी किती चढली ते बघायचं. १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात ३० मिलिमीटर व्यासाचं नाणं शिरलंच नाही. २५० मिलिलिटरचं घेतलं, तर त्यावर दर २ मिलिलिटरला एक रेघ. पातळी वाचताना १ मिलिलिटर इकडे-तिकडे होणारच, आणि मोजायचे आहेत जेमतेम १.६. त्या चुकीत घनता १२ येऊ शकते किंवा ५० सुद्धा. छोट्या वस्तूसाठी ही पद्धत बाद.

५ फेब्रुवारी

आज पाण्याची पातळी न बघता पाण्याचं वजन बघितलं.

काट्यावर बीकर ठेवला, अर्ध्याहून जास्त पाणी भरलं आणि काटा शून्यावर आणला. बाजूला स्वतंत्र स्टँड उभा केला, त्याच्या आडव्या दांडीला नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने टांगलं आणि हळूच पाण्यात उतरवलं. नाणं पूर्ण बुडायला हवं, पण तळाला किंवा काचेला टेकता कामा नये. पाणी नाण्याला वर ढकलतं, तेवढ्याच जोराने नाणं पाण्याला खाली ढकलतं आणि तो जोर काट्यावर उमटतो. काट्यावर वाढलेला आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. मग हिशोब एका ओळीचा:

घनता = कोरडं वजन × पाण्याची घनता ÷ काट्यावर वाढलेलं वजन

पाणी २५ अंश सेल्सियसला होतं, म्हणून त्याची घनता ०.९९७ धरली. इथे १ धरलं तर उत्तर सरळ ०.३ टक्क्याने चुकतं. आज हे किरकोळ वाटतंय, पण पुढे ह्याच ०.३ टक्क्यावर सगळं अडणार आहे.

तीन वेळा उतरवलं. १.६२, १.६३, १.६२. ह्यावरून घनता १९.०३ ते १९.१५ येते. थोडी कमीच.

६ फेब्रुवारी

कमी का येते ते कळलं. बीकरच्या मागे टॉर्च धरून भिंगातून बघितलं तर नाण्याच्या कडेला ज्या उभ्या बारीक खाचा असतात त्यांत टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे ओळीने बसलेले होते. शिवाय दोऱ्याच्या गाठीखाली एक मोठा. तीन मिलिमीटर व्यासाचा एक बुडबुडा ०.०१४ घनसेंटिमीटर जागा घेतो, म्हणजे नाण्याच्या जवळजवळ एक टक्का. बुडबुडा नेहमी एकाच दिशेने फसवतो: आकारमान फुगतं, घनता उतरते आणि खरं नाणं खोटं वाटू लागतं. नाणं तळाला टेकलं तर आकडा कितीतरी ग्रॅमने उडी मारतो, त्यामुळे ती चूक लपत नाही. बुडबुड्याची मात्र लपते.

उपाय केले. पाणी उकळून झाकून गार केलं, म्हणजे त्यात विरघळलेली हवा निघून जाते. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला. नाणं पाण्याखाली असतानाच जलरंगाच्या मऊ ब्रशने कडेवरून फिरवलं. २४ कॅरेट सोनं इतकं मऊ असतं की तारेचा आकडा किंवा चिमटा लागला तरी ओरखडा उठतो, म्हणून धातूचं काहीही नाण्याजवळ नेलं नाही.

आता आकडे १.६०, १.६१, १.६१. सरासरी १.६०७, घनता १९.३०.

बिस्कीट ५.१७ ग्रॅमला बसलं, म्हणजे १९.२९. २२ कॅरेटचं नाणं १.९३, म्हणजे १७.५३. सोनं आणि तांब्याच्या २२ कॅरेट मिश्रणाची घनता साडेसतराच्या आसपासच असते.

शिसं, तांबं, पितळ, चांदी, सोन्याचा मुलामा दिलेलं पोलाद, हे सगळं आज बाहेर गेलं. त्यापुरता मी निश्चिंत आहे.

१० फेब्रुवारी

आता मूळ प्रश्न. टंगस्टनची घनता १९.२५ आहे.

स्वस्त धातूंमध्ये सोन्याच्या इतक्या जवळ जाणारा हा एकच. तो कठीण आणि ठिसूळ असतो, ३४२२ अंशांना वितळतो, त्यामुळे सोन्यात मिसळून ओतता येत नाही आणि त्याच्यावर नाण्याचा छाप उठवणंही जिकिरीचं. म्हणून तो आत लपवला जातो. लगडीला भोकं पाडायची किंवा ती आतून पोखरायची, टंगस्टनच्या कांड्या भरायच्या आणि वरून सोन्याने तोंड बंद करायचं. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये अशा १० औंसाच्या लगडी सापडल्या होत्या. बाहेरची कातडी खऱ्या सोन्याची, आत टंगस्टन.

टंगस्टन हातात धरून बघायचं होतं. टिग वेल्डिंगला शुद्ध टंगस्टनच्या कांड्या वापरतात, टोकाला हिरवा रंग लावलेल्या. ३.२ मिलिमीटर जाडीच्या, १५० मिलिमीटर लांबीच्या दोन कांड्या आणल्या. दोन्ही मिळून ४६.४४ ग्रॅम. उंच ग्लासात, त्याच पाण्यात, एकमेकींना चिकटू न देता टांगल्या. काटा २.४१ वर थांबला. घनता १९.२१.

वहीत दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या. सोन्याचं नाणं १९.३०, टंगस्टन १९.२१. वर धातूंची नावं लिहिलेली नसती तर कुठली ओळ कशाची हे मला सांगता आलं नसतं. माझ्या काट्याचा आकडा नुसता एका पायरीने, १.६० वरून १.६१ वर गेला, की नाण्याची घनता ०.१२ ने हलते. सोनं आणि टंगस्टन ह्यांच्यातलं अंतर आहे ०.०७.

११ फेब्रुवारी

जास्त बारीक काटा घेतला तर? आज कागदावर हिशोब केला.

३१.११ ग्रॅमचं नाणं पूर्णच टंगस्टनचं असतं, तरी त्याने सारलेल्या पाण्यात फरक पडला असता सुमारे ६ मिलिग्रॅमचा. पण पूर्ण टंगस्टन कोण ठेवेल? वर सोन्याची जाड कातडी हवीच. निम्मं भरलं तर फरक ३ मिलिग्रॅम.

आता ज्या दोऱ्याला नाणं टांगलंय त्याच्याकडे बघू. दोरा पाण्यातून बाहेर येतो तिथे पाणी त्याला धरून किंचित वर चढलेलं असतं. पृष्ठताणामुळे ०.२ मिलिमीटरचा दोरा सुमारे ५ मिलिग्रॅमपर्यंत पाणी उचलून धरू शकतो आणि तेवढं वजन काट्यावरून कमी होतं. म्हणजे एका दोऱ्याची ओढ आणि नाण्यातलं सगळं सोनं बदलून टाकल्याचा परिणाम जवळजवळ सारखेच. साबणाने ती ओढ कमी होते, केसाएवढा बारीक दोरा घेतला की आणखी कमी होते, पण खाचेतला दीड मिलिमीटरचा एकच बुडबुडा राहिला तरी पुन्हा २ मिलिग्रॅम गेले. काटा सुधारून हा प्रश्न सुटत नाही. घनता ही पूर्ण वस्तूची सरासरी असते, आणि टंगस्टनमुळे त्या सरासरीत हलण्यासारखं काही उरतच नाही.

२२ कॅरेटच्या नाण्याचं तर ह्याहून अवघड आहे. टंगस्टनमध्ये निकेल, लोह किंवा तांबं घालून जड मिश्रधातू बनवतात. त्यांची घनता प्रमाणानुसार १७ ते १८.५ पर्यंत हवी तिथे ठेवता येते. २२ कॅरेट सोनं साडेसतराला असतं. शुद्ध सोन्याच्या बाबतीत टंगस्टन नुसतं जवळ येतं, इथे ते तंतोतंत बसवता येतं. ६ तारखेला १७.५३ लिहून त्या नाण्यापुढे बरोबरची खूण केली होती. ती आज खोडली.

१७ फेब्रुवारी

ज्या गुणात दोन धातू जवळजवळ सारखे आहेत तो गुण सोडून द्यायचा आणि ज्यात ते उलट वागतात तो धरायचा. चुंबकाच्या बाबतीत ते उलट वागतात. सोनं प्रतिचुंबकीय असतं, म्हणजे जोरदार चुंबक त्याला अगदी किंचित दूर ढकलतो. टंगस्टनला तो किंचित ओढतो, आणि त्याचं बळ सोन्याच्या दुपटीहून जास्त असतं. हाताला दोन्ही जाणवत नाही, काट्याला जाणवतं. एका प्रयोगशाळेतून ०.००१ ग्रॅमचा काटा मागून आणला.

पहिला दिवस वाया गेला. नाणं सरळ काट्याच्या ताटलीवर ठेवलं आणि २० मिलिमीटरचा निओडिमियम चुंबक वरून जवळ आणला. आकडा ०.३८ ने उतरला. क्षणभर पोटात गोळा आला. मग नाणं काढून रिकाम्या ताटलीवर तेच केलं, तरीही आकडा तेवढाच उतरला. चुंबक काट्याच्या आतल्या पोलादी भागांना ओढत होता.

१८ फेब्रुवारी

ताटलीवर १५ सेंटिमीटर उंचीची पुठ्ठ्याची नळी उभी केली आणि वस्तू तिच्या डोक्यावर ठेवली. चुंबक लाकडी पट्टीला घट्ट बसवला आणि पट्टी स्टँडला. आधी नळी रिकामी ठेवून चुंबक आणला: ०.०००, कधी ०.००१. ही रिकामी चाचणी आता प्रत्येक वेळी करते.

मग चुंबक आणि वस्तू ह्यांत एक मिलिमीटरची फट ठेवून, फट कागदाच्या पट्ट्यांनी मोजून, एकेक वस्तू तपासली. २४ कॅरेटचं नाणं: +०.०२१ ग्रॅम. चुंबक वरून ढकलतो म्हणून ते जड झालं. पाच वेळा केलं, ०.०१९ ते ०.०२२ ह्यांतच राहिलं. बिस्कीट +०.०२४. २२ कॅरेटचं नाणं +०.०१८. टंगस्टनच्या दोन कांड्या शेजारी शेजारी: –०.०२०. चिन्हच उलटलं. घनतेत ज्यांना वेगळं करता येत नव्हतं त्यांच्यातला फरक इथे आकड्याच्या चिन्हातच दिसला.

ह्याची मर्यादाही लगेच तपासली. कांड्यांवर नाणं ठेवलं, चुंबक तेवढाच वर सरकवला आणि पुन्हा मोजलं. +०.०१६. म्हणजे २.८ मिलिमीटर सोन्याखाली दडलेल्या टंगस्टनने फक्त ५ मिलिग्रॅमचा फरक पाडला. चुंबकाचं बळ अंतराने झपाट्याने घटतं. पातळ कातडीखालचं टंगस्टन ही चाचणी पकडेल. जाड लगडीच्या पोटातलं तिच्या हाती लागेलच असं नाही. नाण्याच्या दोन्ही बाजू मोजल्या, आकडे सारखे आले. नाणं तीन मिलिमीटरहून पातळ असल्यामुळे त्याच्यापुरतं हे पुष्कळ आहे.

२३ फेब्रुवारी

बिस्किटासाठी ताईला बोलावलं. माझी ही मावसबहीण वेल्डिंगचे सांधे तपासते आणि तिच्याकडे अल्ट्रासाउंडचा जाडीमापक आहे. हे यंत्र धातूत ध्वनीचा ठोका सोडतं, तो पलीकडच्या पृष्ठावरून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं, आणि आपण सांगितलेल्या वेगावरून जाडी दाखवतं. सोन्यात ध्वनी सेकंदाला सुमारे ३२४० मीटर जातो, टंगस्टनमध्ये सुमारे ५२००.

ताईने वेग ३२४० ठेवला आणि आधी तिच्याजवळच्या ४ मिलिमीटरच्या टंगस्टनच्या तुकड्यावर प्रोब टेकवला. यंत्राने जाडी दाखवली २.४९. "बघ, व्हर्नियर एक सांगतो आणि यंत्र दुसरं. ह्या दोघांचं जमलं नाही की समजायचं, आत वेगळंच काहीतरी आहे," ती म्हणाली.

मग बिस्कीट. व्हर्नियरने मधली जाडी ३.७० मिलिमीटर. जेलचा थेंब टाकून प्रोब टेकवला: ३.७१. शेजारी ३.६९. ताई प्रोब उचलून थोडासा सरकवायची, मी आकडा लिहायचे. प्रोबचं तोंड ६ मिलिमीटरचं आणि भरलेली कांडी दोन-तीन मिलिमीटरचीही असू शकते, म्हणून दर ३ मिलिमीटरला एक अशी जाळी आखली होती. अक्षरं कोरलेल्या भागात आणि अगदी कडेला प्रतिध्वनी नीट येईना. त्या जागा उलट्या बाजूने घेतल्या, तरी काही सुटल्याच. बाकी सगळे आकडे ३.६८ ते ३.७२.

समजा, मधला १.७ मिलिमीटर थर टंगस्टनचा असता. पाण्याच्या चाचणीत फरक पडला असता ०.१७ टक्के, म्हणजे माझ्या काट्याला न दिसणारा. ह्या यंत्रावर मात्र ३.७० च्या जागी ३.०६ आलं असतं, म्हणजे १७ टक्के. शंभरपट. आणि सोनं आणि टंगस्टन एकमेकांना नीट चिकटलेले नसते, मध्ये हवेची केसाएवढी फट असती, तर ठोका तिथूनच परतला असता आणि यंत्राने १ मिलिमीटर दाखवलं असतं. आमच्या एकाही जागी असं झालं नाही.

२२ कॅरेटच्या नाण्यावरही प्रयत्न केला. उठावाच्या चित्रावर प्रोब बसत नाही. मोकळ्या सपाट भागावर प्रतिध्वनी मिळाला, पण वेग कुठला धरायचा? मिश्रणात तांबं किती, चांदी किती ह्यावर तो बदलतो. "माहीत असलेल्या खऱ्या नाण्यावर आधी वेग बसवून घ्यायला लागेल," ताई म्हणाली. वेग अंदाजाने धरून मिळालेला आकडा मी वहीत घेतला नाही.

२५ फेब्रुवारी

मामाने फोनवर विचारलं की क्ष-किरणांच्या यंत्राखाली धरलं तर लगेच शुद्धता कळते, मग एवढं कशाला. ते यंत्र सोन्यात मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास खोल बघतं. कसोटीचा दगड आणि ॲसिड तेवढंही नाही. टंगस्टन भरलेल्या लगडीची कातडी खऱ्या सोन्याचीच असते, तेव्हा ही तिन्ही साधनं तिला शुद्ध सोनंच म्हणतील, आणि ते कातडीपुरतं खरंही असेल.

नाण्यासाठी विद्युतवाहकता मोजणं जास्त उपयोगाचं. सोन्याची वाहकता टंगस्टनच्या दुपटीहून जास्त आहे. ह्या यंत्रात वारंवारता बघूनच घ्यायची: ६० किलोहर्ट्झला ते सोन्यात जेमतेम ०.३ मिलिमीटर खोल बघतं, १ किलोहर्ट्झला सुमारे २.४ मिलिमीटर. २२ कॅरेटमध्ये आणखी एक गफलत होऊ शकते. तांबं मिसळलेल्या सोन्याची वाहकता टंगस्टनपेक्षाही कमी असते, त्यामुळे तिथे "आकडा जास्त म्हणजे सोनं" हा अंदाज नेमका उलटा पडेल.

१ मार्च

तिन्ही वस्तू वेगवेगळ्या पाकिटांत घालून प्रत्येकावर आकडे लिहिले: कोरडं वजन, पाण्याचं तापमान, पाण्यातला आकडा, चुंबकाचा आकडा, आणि बिस्किटावर जाडीच्या जाळीचा नकाशा, न मोजता आलेल्या जागा काळ्या करून.

२४ कॅरेटचं नाणं आणि बिस्कीट मामाला परत दिले. २२ कॅरेटचं ठेवून घेतलं. "ते खोटं आहे का?" मामाने विचारलं. मी म्हटलं, "तसं काही दिसलं नाही. पण घनतेवरून ह्या नाण्याबद्दल काही ठरवता येत नाही आणि चुंबकाची चाचणी एकटीच आहे. त्याच टांकसाळीचं, त्याच वजनाचं एक खात्रीचं नाणं दोन तास मिळालं तर वेग आणि वाहकता दोन्ही त्याच्याशी ताडून बघता येतील." त्याच्या एका मित्राकडे तसं नाणं आहे. पुढच्या रविवारी तो ते घेऊन येणार आहे, ताईलाही कळवलंय.